सहा महिन्यांची इंटर्नशिप, कागदावर एक महिना

पत्र: मी नागपूरची. यंदा कॉम्प्युटर इंजिनीअरिंग झालं. शेवटच्या सेमिस्टरला आयटी पार्कातल्या एका छोट्या कंपनीत 6 जानेवारी ते 30 जून 2025 इंटर्नशिप केली. ऑफर लेटरवर ‘टेस्टिंग इंटर्न’ होतं, पण एप्रिलपासून मी कोडिंगही केलं. जुलैत चार दिवस हँडओव्हरला गेले. त्यांनी मला कायम नोकरीचं विचारलं, मी नाही म्हटलं. आता प्रमाणपत्र आलंय त्यावर कालावधी ‘जून 1, 2025 ते 30/06/2025’, पद ‘मार्केटिंग इंटर्न’ आणि कामाबद्दल फक्त ‘विविध कामे केली’. मला वाटतं नकाराचा राग काढला. फोन केला तर सर म्हणाले, ‘चालतं गं, कोण बघते एवढं!’ पुण्याच्या कंपनीत पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय आणि त्यांचा व्हेरिफिकेशनचा फॉर्म आलाय. जिजाजी म्हणतात, पीडीएफमध्ये तारीख आपणच बदलू, खरीच तर लिहायची आहे. मला पद ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर इंटर्न’ आणि तारीख 4 जुलैपर्यंत हवी आहे. काय करू?

उत्तर: जिजाजींना सांग, तेवढं सोडून बाकी सगळी मदत करा.

पीडीएफमधली तारीख बदलणं पाच मिनिटांचं काम आहे, आणि बदललेली तारीख खरी असेल हेही मान्य. पण व्हेरिफिकेशन करणारी एजन्सी तुझ्या पीडीएफकडे बघून खरंखोटं ठरवत नाही. ती तोच कागद तुझ्या जुन्या कंपनीच्या एचआरला मेल करते आणि विचारते, ‘हे तुम्हीच दिलंय का? तारखा आणि पद बरोबर आहे का?’ एचआर आपल्या फोल्डरमधली प्रत उघडणार. तिथे जून 1 आहे आणि तुझ्या कागदावर 6 जानेवारी. ते प्रामाणिकपणे उत्तर देणार, ‘हा कागद आमचा नाही.’ त्यानंतर तू सहा महिने खरंच काम केलंस की नाही हा प्रश्न कुणी विचारतच नाही. प्रश्न एकच उरतो, उमेदवाराने कागदात फेरफार केला का. कागदावर डिजिटल सही असेल तर एजन्सीला मेल करायचीही गरज नाही, कारण सहीनंतर मजकूर बदलला की सही तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ उघडताच सही अवैध असल्याची सूचना दिसते. आणि दुसऱ्याच्या सहीचा कागद बदलून खरा म्हणून वापरणं हे भारतीय न्याय संहितेच्या 336 आणि 340 या कलमांच्या वाटेवरचं प्रकरण आहे. फसवायचा हेतू होता की नव्हता हा वाद नंतरचा, तो वाद घालायची वेळच कशाला आणायची?

आता रागाबद्दल. माझी बरीच वर्षं एचआरच्या टेबलामागे गेली आहेत, त्यामुळे तुझ्या पत्रातली ती तारीख वाचून मी जरा थांबले. ‘जून 1, 2025’ आणि ‘30/06/2025’. एकाच ओळीत दोन तारखा दोन पद्धतींनी लिहिलेल्या आहेत. राग काढणारा माणूस असं लिहीत नाही. हे एक्सेलचं काम दिसतं.

होतं काय, एचआरकडे इंटर्नची यादी एक्सेलमध्ये असते आणि त्यातून प्रमाणपत्रं काढली जातात. ज्या कॉम्प्युटरवर तारखेची पद्धत अमेरिकन ठेवलेली असते, तो आधी महिना आणि मग दिवस असं वाचतो. त्यावर कुणी 06/01/2025 टाईप केलं की ते मुकाट्याने जून 1 होतं. 30/06/2025 मात्र त्याला कळतच नाही, कारण तिसावा महिना नसतो. मग तो ते साधा मजकूर समजून जसंच्या तसं ठेवतो. तुझी सुरुवात सहा तारखेची असल्यामुळे ती उलटली आणि शेवट तीस तारखेचा असल्यामुळे वाचला. पंचवीस आठवड्यांचा एक महिना असा झाला असणार.

हे पडताळून बघता येतं. तुझ्यासोबत त्याच सोमवारी रुजू झालेल्यांना त्यांचं प्रमाणपत्र बघायला सांग. 13 ते 31 यांपैकी एखाद्या तारखेला आलेल्यांना विचार. तुझ्यासोबतच्या सगळ्यांची सुरुवात जूनमध्ये आणि मागाहून 20 तारखेला आलेल्यांची मात्र बरोबर निघाली, तर कारण सापडलंच म्हणून समज. ‘मार्केटिंग’ हा शब्दही यादीतली एखादी ओळ सरकल्याने किंवा आधीच्या इंटर्नचा मजकूर तसाच राहिल्याने आलेला असू शकतो. कदाचित एखादी खरीखुरी मार्केटिंगवाली मुलगी आपण ‘टेस्टिंग इंटर्न’ कशा झालो म्हणून डोकं खाजवत बसली असेल.

याचा फायदा असा की तू भांडायला जात नाहीस. ‘तुम्ही मुद्दाम केलं’ म्हटलं की समोरचा बचाव करायला लागतो आणि दुरुस्ती लांबते. ‘यादीत तारीख उलटलेली दिसते, आम्हा तिघांच्या कागदावर तेच झालंय’ म्हटलं की एचआरला यादी दुरुस्त करायची असते, माफी मागायची नसते. आणि समजा, खरंच राग असला, तरी तुझा मेल एका शब्दानेही बदलायची गरज नाही.

पण मेल लिहायच्या आधी तुझ्या मागण्यांची जरा छाननी करू. कारण तू ज्या पाच गोष्टी मागतेस त्यातल्या दोन चुका आहेत, एक अपुरेपणा आहे आणि दोन तुझ्या इच्छा आहेत. या सगळ्या एका यादीत घातल्यास, तर इच्छेपायी चुकांची दुरुस्तीही अडेल.

सुरुवातीची तारीख आणि ‘मार्केटिंग’ या उघड चुका. त्यावर वाद नाही.

पद ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर इंटर्न’ करून मागणं ही इच्छा. तुला ते पद दिल्याचा एखादा मेल आहे का? पत्रात तसं काही नाही, म्हणून नसावा असं धरते. मग कंपनीच्या नोंदीत तू ‘टेस्टिंग इंटर्न’ आहेस आणि पुण्याच्या कंपनीकडे तुझं ऑफर लेटर गेलं तर त्यावरही तेच आहे. प्रमाणपत्रावर वेगळं पद आलं की तूच आणखी एक विसंगती तयार करशील. कोडिंग केलंस ते वाया जाणार नाही, पण त्याची जागा पदाच्या ओळीत नाही, कामाच्या ओळीत आहे. ‘टेस्टिंग इंटर्न म्हणून रुजू, एप्रिल 2025 पासून कोडिंगमध्येही सहभाग’ हे वाक्य खरं आहे, तुझ्या मेंटॉरला त्यावर सही करायला काही अडचण नाही, आणि मुलाखत घेणाऱ्याला नुसत्या पदापेक्षा जास्त सांगतं. टेस्टिंगला घेतलेल्या मुलीला तीन महिन्यांत कोड लिहायला दिला, हे त्याला बरोबर दिसतं.

जुलैचे चार दिवस. मुदत वाढवल्याचा मेल असेल किंवा त्या दिवसांचा स्टायपेंड आला असेल तर 4 जुलै मागायला हरकत नाही. तसं काही नसेल तर 30 जूनच राहू दे. त्या चार दिवसांनी तुझ्या अनुभवात काही भर पडत नाही. उलट एजन्सीने विचारल्यावर एचआरच्या यादीत 30 जून निघाला की अडचण. तुझ्या बायोडेटावरही तारीख बघून घे. तिथे ‘जानेवारी ते जुलै’ लिहिलं असेल तर आजच ‘जून’ कर.

आता ‘विविध कामे केली’. इथे दोष पूर्ण कंपनीचा नाही. एचआरला तुझं काम माहीत नसतं, ते मेंटॉरला माहीत असतं, आणि मेंटॉरकडे प्रमाणपत्र लिहायला वेळ नसतो. म्हणून मजकूर तूच लिहून द्यायचा. त्यांनी तो मान्य करून सही केली की तो त्यांचा झाला, यात गैर काही नाही. चार ओळींच्या वर जाऊ नकोस. कशावर काम केलं, नेमकं काय केलं, कोणती साधनं वापरली, एवढंच. ‘मेहनती, होतकरू, प्रामाणिक’ वगैरे विशेषणं टाळ, ती कुणी वाचत नाही. ग्राहकाचं नावही नको. तू गोपनीयतेच्या कागदावर सही केली असशील, त्यामुळे ‘एका रुग्णालयाचं अपॉइंटमेंट ॲप’ इतकंच पुरे. आणि ज्याबद्दल मुलाखतीत दोन प्रश्न विचारले तर उत्तर देता येणार नाही, असं एकही साधन लिहू नकोस.

तुझं काम मला नीट माहीत नाही, म्हणून नमुन्यात मी अंदाजाने भरते. तू आपलं खरं घाल:

‘यांनी आमच्या कंपनीत 6 जानेवारी 2025 ते 30 जून 2025 या काळात टेस्टिंग इंटर्न म्हणून पूर्णवेळ काम केले. रुग्णालयाच्या अपॉइंटमेंट ॲपसाठी त्यांनी टेस्ट केसेस लिहिल्या, मॅन्युअल टेस्टिंग केले आणि पोस्टमन वापरून एपीआय तपासले. एप्रिल 2025 पासून रिपोर्ट मॉड्यूलचे स्क्रीन तयार करण्यातही त्यांचा सहभाग होता.’

महिना अक्षरांत लिहिलाय हे बघितलंस ना? तो कायम अक्षरांतच लिहायचा. मग कॉम्प्युटर कुठल्या देशाचा आहे याने फरक पडत नाही. तू हा मजकूर इंग्रजीत देशील, तेव्हाही तेच कर.

मेल एकच पाठव, एचआरला, आणि मेंटॉरला प्रतीत ठेव. व्हॉट्सॲपवर ‘सर प्लीज बघा ना’ पाठवू नकोस, ते दोन दिवसांत वर सरकून दिसेनासं होतं. सरांनी फोनवर ‘चालतं’ म्हटलं त्याचाही उल्लेख नको. मेल साधारण असा:

‘विषय: इंटर्नशिप प्रमाणपत्रातील दुरुस्ती (प्रमाणपत्र क्रमांक …, दिनांक …)

नमस्कार, मला मिळालेल्या प्रमाणपत्रात पुढील दोन नोंदी चुकल्या आहेत.
सुरुवातीची तारीख: छापलेली जून 1, 2025. बरोबर 6 जानेवारी 2025. सोबत रुजू झाल्याचा मेल आणि फेब्रुवारीत जमा झालेल्या जानेवारीच्या स्टायपेंडची बँकेतील नोंद.
पद: छापलेले मार्केटिंग इंटर्न. बरोबर टेस्टिंग इंटर्न. सोबत ऑफर लेटर.
कामाचा तपशील थोडक्यात लिहून वर्ड फाइल जोडली आहे. मेंटॉर सरांनी तो तपासून योग्य तो बदल करावा.
नवीन नोकरीच्या पडताळणीसाठी सुधारित प्रमाणपत्र … तारखेपर्यंत मिळाल्यास सोयीचे होईल. ते मिळाल्यावर आधीची प्रत मी वापरणार नाही.’

बँकेची ती नोंद महत्त्वाची आहे. जो माणूस जूनमध्ये आला त्याला फेब्रुवारीत पैसे कसे दिले, हे कुणालाच समजावून सांगता येत नाही. स्टेटमेंट पूर्ण जोडू नकोस. ती ओळ, तुझं नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे दिसतील एवढं ठेव, बाकी झाकून टाक. स्टायपेंड रोख मिळत असेल किंवा मिळतच नसेल, तर कॉलेजची ट्रेनिंग डायरी काढ. मेंटॉरची दर आठवड्याची सही असलेली डायरी हा उत्तम पुरावा आहे. (आणि सगळ्या सह्या शेवटच्या दिवशी एकाच पेनाने घेतलेली डायरी किती उपयोगाची, ते ज्याने त्याने ओळखावं.)

सुधारित प्रमाणपत्र हातात आलं की लगेच ‘थँक यू सर’ लिहून मोकळी होऊ नकोस. आधी वाच. नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच आहे का. कंपनीचं लेटरहेड आहे का. सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा सहीखाली छापलाय का, कारण नुसत्या शिक्क्यावर एजन्सी कुणाला शोधणार? आणि कागद दिल्याची तारीख. ही आजचीच असली पाहिजे. काही कंपन्या सोय म्हणून जुनीच तारीख टाकतात, मग एकाच तारखेची, एकाच क्रमांकाची दोन वेगळी प्रमाणपत्रं फिरू लागतात आणि पडताळणीच्या वेळी त्यांच्या फोल्डरमधून नेमकी चुकीची निघते. त्यापेक्षा ‘या प्रमाणपत्रामुळे दिनांक अमुकचे प्रमाणपत्र रद्द समजावे’ ही एक ओळ घालून घे. पीडीएफ कंपनीच्या अधिकृत मेलवरूनच मागव, सरांच्या खासगी मेलवरून नको. तो मेल जपून ठेव. कागद खरा असल्याचा तोच तुझा पुरावा.

चुकीची प्रत तू कॉलेजला आधीच दिली आहेस का? पत्रात ते नाही. दिली असशील तर नवीन प्रत तिथेही दे आणि जुनी बदलून घे. इंटर्नशिपचे श्रेयांक तासांवर मोजले जातात. यूजीसीच्या चौकटीतल्या पदवी अभ्यासक्रमांत एका श्रेयांकाला 30 तास असा हिशोब आहे, अभियांत्रिकीचा वेगळा असतो, तो विभागात कळेल. सेमिस्टरभराच्या इंटर्नशिपच्या फाइलमध्ये एका महिन्याचा कागद बसलेला बरा नव्हे. आणि हाच कॉलेजशी बोलायचा मुहूर्त. कंपनीने मेलला उत्तर दिलं नाही, तर ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसरचा एक फोन तुझ्या दहा मेलइतकं काम करतो, कारण कंपनीला पुढच्या वर्षीही इथूनच मुलं हवी असतात.

साधारण आठवडाभर वाट बघ. मग त्याच मेलला उत्तर देऊन एक आठवण पाठव. तरीही काही हललं नाही तर प्रत्यक्ष जा. पुण्यामुंबईच्या मुलांना हे जमत नाही, तुला आयटी पार्क गाठायला कितीसा वेळ लागतो? जाताना ऑफर लेटरची आणि चुकीच्या प्रमाणपत्राची छापील प्रत ने, आणि पेनड्राइव्हवर तो मजकूर. दुपारी जेवणानंतर जा, एचआरच्या माणसासोबत बस आणि दुरुस्ती तिथेच करून घे. सही करणारे सर बाहेरगावी असतील तर ते कधी येणार ते विचारून त्या दिवशी परत जा.

हे मी हट्टाने सांगतेय त्यामागे कारण आहे. खासगी कंपनीतल्या साध्या इंटर्नला ‘मला असंच प्रमाणपत्र द्या’ म्हणून कुठल्या कार्यालयात दाद मागता येईल, असा सरळ रस्ता नाही. तुमचा करार, कॉलेजची ओळख आणि पाठपुरावा, एवढंच हाताशी असतं. ज्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘नॅट्स’ या प्रशिक्षण योजनेत ॲप्रेंटिस म्हणून झालेली असते त्यांचं वेगळं. त्यांचा करार ॲप्रेंटिस कायद्याखाली नोंदवलेला असतो, त्यांना प्रवीणतेचं प्रमाणपत्र ॲप्रेंटिसशिप प्रशिक्षण मंडळाकडून मिळतं, आणि महाराष्ट्रासाठी ते मंडळ मुंबईला आहे. त्यामुळे त्यांनी आधी कंपनीकडून पोर्टलवरची नोंद दुरुस्त करून घ्यावी. तुझ्या ऑफर लेटरवर ‘ॲप्रेंटिस’ नाही, म्हणून तुला तो मार्ग नाही.

राहिला पुण्याचा फॉर्म. तो नव्या प्रमाणपत्रासाठी अडवून ठेवू नकोस. फॉर्ममध्ये जे खरं आहे तेच भर: 6 जानेवारी 2025 ते 30 जून 2025, टेस्टिंग इंटर्न. ‘पूर्वीची नोकरी’ आणि ‘इंटर्नशिप’ असे वेगळे रकाने असतील तर इंटर्नशिपच्याच रकान्यात भर. शेऱ्याच्या जागी लिही, ‘कंपनीने दिलेल्या प्रमाणपत्रात सुरुवातीची तारीख आणि पद चुकीचे छापले गेले आहे. दुरुस्ती मागितली आहे. ऑफर लेटर, रुजू झाल्याचा मेल आणि दुरुस्तीचा मेल जोडला आहे.’ शेऱ्याची जागा नसेल तर हेच तिथल्या एचआरला मेलने कळव, एजन्सीला विसंगती सापडण्याच्या आधी. उमेदवाराने आधीच सांगितलेली चूक आणि एजन्सीने शोधून काढलेली चूक, यांत एचआर फार फरक करतं. मी तरी करायची.

चुकीची प्रत मागितली तर तीही दे, लपवू नकोस, फक्त शेऱ्यासकट दे. आणि तुझ्या जुन्या एचआरला एक ओळ कळव की येत्या काही दिवसांत अमुक एजन्सीकडून पडताळणीचा मेल येईल, तेव्हा कृपया सुधारित नोंदीप्रमाणे उत्तर द्यावं. प्रमाणपत्र सुधारलं पण एक्सेलची यादी तशीच राहिली, असं सर्रास होतं. म्हणून ‘यादीतली नोंदही बदलली का?’ हे त्यांना स्पष्ट विचार. तुझ्यासोबतच्या बाकीच्यांचीही त्याच बैठकीत बदलून घे, त्यांना कदाचित अजून कळलंही नसेल.